धागा: 36 ची सरासरी की 30 ची? तीन नंबरला कोणाला पाठवायचं, हे मी चुकलो त्याची गोष्ट

नेटवाला मास्तर (देवगड)

मंडळी, गेल्या सीझनची गोष्ट आहे. बरेच दिवस मनात घोळतेय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे सोळा वर्षांखालच्या मुलांचं नेट चालतं. पाऊस संपला की नोव्हेंबरात जांभ्यावर लाल माती दाबून, रोलर फिरवून त्यावर काथ्याची मॅट ताणायची आणि मे महिन्यापर्यंत सीझन बॉलने खेळायचं. मुलं मुळात वाडीतल्या टेनिस बॉलवर वाढलेली. त्यातले दोघे फलंदाज म्हणून वर आले. मुलं लहान आहेत, त्यामुळे नावं लिहीत नाही. एक राहतो बंदरावर, दुसरा सड्यावर. तसंच म्हणू.

सराव आणि लीग धरून दोघांनी तेच दहा सामने खेळले होते, तीन-चार नंबरला आलटून पालटून. उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री मी वहीत सरासरी काढली. बंदरावरच्याचे 327 रन, एकदा नाबाद, म्हणजे नऊ वेळा आउट: 36.33. सड्यावरच्याचे 307, दहाही वेळा आउट: 30.70. मला हिशोब सरळ वाटला. बंदरावरचा तीनला, सड्यावरचा सहाला, म्हणजे खाली कोणीतरी टिकणारा राहील.

सकाळी साडेनऊचा सामना. हवा दमट, बॉल नवा, मॅटवर उसळी. दुसऱ्याच ओव्हरला पहिली विकेट पडली आणि बंदरावरचा आत गेला. एक चौकार मारला, एक रन काढला, मग आडव्या बॅटने ओढायला गेला आणि बॉल सरळ मिडऑनच्या हातात. 5. त्यानंतर एकामागून एक गेले. सड्यावरचा आत गेला तेव्हा 31 ला 4. तो शेवटपर्यंत उभा राहिला, 22 नाबाद, आणि दुसऱ्या बाजूने साथीदार संपले. आम्ही सगळे मिळून 71.

रात्री झोप लागेना. स्कोअरबुक उघडलं आणि या वेळी बेरीज न करता दोघांचे रन सामन्यांच्या क्रमाने शेजारी शेजारी लिहिले.

बंदरावरचा: 4, 112, 0, 7, 11, 96 नाबाद, 2, 9, 83, 3
सड्यावरचा: 31, 28, 42, 19, 37, 24, 45, 33, 8, 40

हे बघून मी बराच वेळ तसाच बसलो. दहा डावांत सात वेळा बंदरावरच्याने 11 किंवा त्याहून कमी केलेत. सड्यावरच्याच्या बाबतीत तसं एकदाच झालंय. मी पोराला 36 चा फलंदाज समजून आत पाठवलं, पण त्याने 36 च्या जवळपास कधी केलेच नव्हते. 11 आणि 83 यांच्या मधे त्याचा एकही आकडा नाही.

मग तीन मोठ्या खेळींचे सामने तपासले. 112 केले त्या दिवशी आम्ही 231 आणि समोरचे 78. त्याचे सगळे रन काढून टाकले तरी आमचे 119 उरतात, म्हणजे जिंकलोच असतो. 83 केले तो सामना आम्ही एका रनने हरलो. 96 नाबादने मात्र 148 चा पाठलाग झाला, तो सामना खरोखर त्याने काढला. आणि जे तीन सामने आम्ही 15 रनच्या आत निसटते जिंकलो, त्यात त्याचे 0, 11 आणि 9. सड्यावरच्याचे 42, 37 आणि 33.

सरासरी खोटी नव्हती. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता. तीन नंबरला जाणारा पोरगा बहुतेक दिवशी किती करेल, हे मला हवं होतं आणि ते तिच्यात नव्हतं.

इथे कोणी मुलं शिकवत असेल तर तुम्ही निवड कशी करता, ते वाचायला आवडेल.

---

जुना स्कोअरर

मास्तर, मूळ घोळ नाबादचा आहे. भागाकार डावांनी करा, आउट किती वेळा झाला त्याने नको. बिल जॉन्स्टन नावाचा ऑस्ट्रेलियाचा बोलर 1953 च्या इंग्लंड दौऱ्यात 17 डावांत 102 रन करून 102 ची सरासरी घेऊन परतला, कारण 16 वेळा नाबाद! अकराव्या नंबरचा माणूस. डावांनी भागलं असतं तर 6 आले असते. आम्ही गावच्या स्पर्धेत डावांनीच भागतो.

---

नेटवाला मास्तर

काका, तेही करून बघितलं. डावांनी भागलं तर 32.7 विरुद्ध 30.7. फरक कमी होतो, पण बंदरावरचा पुढेच राहतो. म्हणजे माझी चूक काही त्याने पकडली नसती.

---

टेनिसबॉल_राजापूर

एवढा विचार कशाला? स्ट्राइक रेट बघा. आमच्या सहा ओव्हरच्या नाइट टूर्नामेंटला 20 बॉलमध्ये 50 करणारा लागतो. तुमचा सड्यावरचा 45 करतो ते किती बॉलमध्ये? आमच्याकडे असा प्लेअर बाराव्यातही बसत नाही.

---

नेटवाला मास्तर

भावा, आमचे सामने 40 ओव्हरचे, सीझन बॉलचे. दहा सामन्यांत सात वेळा आमची पूर्ण टीम 40 ओव्हरच्या आत गुंडाळली गेली. ओव्हर उरतात, विकेट उरत नाहीत. तुमच्या सहा ओव्हरमध्ये दहा विकेट पडायच्या आत डाव संपतो, तिथे तुमचं म्हणणं मला पटतं. आमची अडचण उलटी आहे.

---

आकडेमोड (रत्नागिरी)

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि लहानपणी भावांमध्ये भरपूर क्रिकेट खेळले आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

जुन्या स्कोअररकाकांचं जॉन्स्टनबद्दल खरं आहे, पण उपाय अर्धाच आहे. आउट झालेल्या वेळांनी भागायचं कारण असं की नाबाद डाव अपुरा असतो. 96 वर सामना संपला म्हणून तो थांबला, नाहीतर पुढे आणखी केले असते. डावांनी भागलं की त्या अपुऱ्या डावाला आपण पुरा धरतो आणि शेवटी येऊन 8 नाबाद करणाऱ्या पोरावर अन्याय होतो. दोन्ही पद्धतींत काहीतरी हरवतं. मास्तरांच्या प्रश्नाशी मात्र दोन्हींचा संबंध थोडाच आहे.

मास्तर, तुम्ही दोघांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला बघा. बंदरावरच्याचा मधला येतो 8, सड्यावरच्याचा 32. अर्ध्या डावांत याच्याहून कमी, अर्ध्यांत जास्त. तीन नंबरला उद्या काय मिळेल याचा अंदाज हाच आकडा देतो.

आता माझं खरं म्हणणं. फलंदाजाच्या धावा मुळातच विस्कटलेल्या असतात. एल्डरटन आणि वूड या दोघांनी इंग्लंडमध्ये 1945 सालीच हे कागदावर मांडलं होतं. समजा एखादा फलंदाज शून्यावर असो की साठवर, त्याची आउट होण्याची शक्यता कायम सारखीच आहे. तर त्याचे छोटे आकडे पुष्कळ आणि मोठे थोडे येतात, आणि मधला आकडा सरासरीच्या साधारण सत्तर टक्के भरतो. म्हणजे तेहतीस-चौतीसची सरासरी असलेल्या साध्या, प्रामाणिक फलंदाजाचा मधला 23 च्या आसपास असायला हवा. ब्रॅडमनचंच बघा: 99.94 ची सरासरी, तरी 80 डावांपैकी 38 डावांत पन्नास झाले नाहीत आणि सात वेळा भोपळा. तेव्हा चार-पाच छोटे डाव दिसले म्हणून कोणाला बेभरवशाचा म्हणू नये. ते खेळातच आहे.

पण 23 च्या जागी 8 येणं वेगळं. याचा अर्थ तुमचा बंदरावरचा सुरुवातीला फार सहज आउट होतो आणि एकदा स्थिरावला की त्याला काढणं अवघड जातं. आणि सड्यावरचाही साधा नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही! त्याचा मधला आकडा सरासरीच्या वर आहे. दहा डावांत तो एकदाही 45 च्या पुढे गेला नाही. जो पोरगा दहापैकी नऊ वेळा एकोणीस तरी गाठतो, त्याचं एखादं सत्तर-ऐंशी दिसायला हवं होतं. तो सुरुवातीला टिकतो आणि मग पंचवीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान काहीतरी होतं. काय होतं, ते वहीत नसेल तर तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

आणि दहा डाव फार थोडे. यातलं काही नुसतं नशीबही असू शकेल.

---

हापूसवाला

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी क्रिकेटमधला नाही, बागेतला आहे, पण हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. माझी हापूसची कलमं एक वर्ष वाकेपर्यंत धरतात, पुढच्या वर्षी नुसता पाला. दहा वर्षांची सरासरी काढली तर उत्पन्न चांगलं दिसतं, पण रिकाम्या वर्षी फवारणीवाल्याला आणि राखणदाराला पैसे द्यावेच लागतात, त्यांना सरासरी सांगून चालत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' आली, ती दरवर्षी धरते. वडिलांनी तिची वीस झाडं लावली. घर चालवायला तीच उपयोगी पडली.

पण मास्तर, बाग माझी आजही हापूसचीच आहे. पेटीला भाव त्यालाच मिळतो. दोन्ही ठेवावी लागतात.

---

दांडीवरचो

मास्तरांनू, तुमचा सगळा खरा आसा, पण माका येक पटना नाय. माझो झील तुमच्या बंदरावरच्यासारखोच. लागलो तर लागलो, नायतर पयल्या ओव्हरीत घरी. त्याच्या कोचान त्येका सातव्या नंबरार घातल्यान, तेव्हापासून त्याचा मनच नाय लागत खेळात. आकडे बघून पोराची जागा बदलशात तर पोरगो काय समजतलो?

---

नेटवाला मास्तर

दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. खालच्या नंबरवर पाठवणं ही शिक्षा वाटते, मुलाला आणि घरच्यांनाही. त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. मी काय केलं, ते खाली सांगतो.

आकडेमोड ताई, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा स्कोअरबुक घेऊन बसलो. आमची स्कोअरर नववीतली मुलगी आहे. ती प्रत्येक बॉलची खूण करते आणि बोलरचं नावही लिहिते, म्हणून हे सापडलं.

आधी बंदरावरचा. सात छोटे डाव. त्यातले सहा पहिल्या 12 बॉलच्या आत संपलेत. तीन वेळा बोल्ड, दोनदा मिडऑनला कॅच, एकदा विकेटकीपरकडे. 11 वाला डाव तेवढा जरा लांबला होता, तो रनआउट. तीन बोल्ड आणि दोन मिडऑन हे एकाच फटक्याचे परिणाम आहेत: पुढचा पाय बाजूला काढून बॉल लेगला ओढणं. टेनिस बॉलला हा फटका चालतो, कारण बॉल हलका, मऊ, बॅटवर थांबून येतो. मॅटवर नवा सीझन बॉल कडक उसळतो आणि सकाळच्या हवेत जरा हलतो. बॅटच्या मधे न लागता वरच्या बाजूला लागला की मिडऑन, आणि अजिबात नाही लागला की दांडी. दहा-पंधरा बॉल झाले की त्याला उसळीचा अंदाज येतो आणि मग तोच फटका काजूच्या बागेत जातो. त्याचं 112 आणि त्याचा भोपळा एकाच फटक्याचे आहेत.

आता सड्यावरचा. दहापैकी सहा वेळा तो स्पिनरला आउट झालाय आणि त्या सहाही वेळा 24 च्या पुढे असताना. मी विचार करत बसलो की स्पिनची एवढी काय भीती. मग आठवलं. तो तिशीच्या आसपास पोचला की मी बाहेरून ओरडायचो, "आता हात मोकळे कर!" दर वेळी. पोरगा आज्ञाधारक, पुढे सरसावायचा आणि मॅटवर वळून उसळणाऱ्या बॉलला चुकायचा. तो 45 च्या पुढे जात नव्हता, त्यात माझा मोठा वाटा आहे.

---

आकडेमोड

मास्तर, हे लिहायला धैर्य लागतं. स्कोअरर मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने खुणा केल्या नसत्या तर आपण इथे नुसतेच तर्क लढवत बसलो असतो.

---

चिपळूणची आई

माझी मुलगी जिल्ह्याच्या संघात आहे. ताईंना विचारायचं आहे: मग बेभरवशाचा खेळाडू कधी घ्यायचाच नाही का? मुलीच्या संघात एक अशी आहे. पण मोठ्या शहराच्या संघाला आम्ही एकदाच हरवलं, ते तिच्याच जोरावर.

---

आकडेमोड

फार नेमका प्रश्न. समोरचा संघ तुमच्याहून बराच भारी असेल तर सगळ्यांनी तीस-तीस करून तुम्ही सन्मानाने हराल. तिथे ज्या पोरीचं एखाद्या दिवशी शंभर होऊ शकतं, तिला वर पाठवणं शहाणपणाचं, कारण नेहमीसारखा खेळ झाला तर तुम्ही हरणारच आहात. तुम्ही समोरच्यांच्या बरोबरीचे किंवा सरस असाल तेव्हा उलट: तुम्हाला चमत्कार नको असतो, पडझड नको असते. मास्तरांच्या उपांत्य सामन्यात समोरचे कसे होते?

---

नेटवाला मास्तर

बरोबरीचे. लीगमध्ये आम्ही त्यांना हरवलं होतं. त्यांनीही 72 करताना सात विकेट घालवल्या. आमचे शंभर असते तर सामना आमचा होता, असं मला आजही वाटतं.

---

टेनिसबॉल_राजापूर

मास्तर, आधी घाईत लिहिलं होतं, आता सगळं वाचलं. पण बंदरावरच्याचा तो फटका सोडवू नका. आमच्याकडे एक पोरगा होता, सीझन बॉलच्या नेटला गेला, त्यांनी एवढं सरळ खेळायला लावलं की तो मारणंच विसरला. आता दोन्हीकडे चालत नाही.

---

नेटवाला मास्तर

ही भीती मलाही आहे. म्हणून फटका सोडवलेला नाही, फक्त पुढे ढकललाय. नेटमध्ये त्याचे पहिले 15 बॉल वेगळे. नवा बॉल, मी पंधरा-सोळा यार्डांवरून हाताने टाकतो, थोडे आखूड, थोडे पुढे. त्याने एवढंच करायचं: लेगला ओढायचं नाही, स्टंपवरचा बॉल बॉलरकडे परत, बाहेरचा सोडायचा. पंधरा झाले की मोकळा. बारावा किंवा तेरावा बॉल मुद्दाम लेगस्टंपवर अर्धा टाकतो, मोह व्हावा म्हणून. पहिल्या आठवड्यात रोज फसायचा.

या सीझनला आत्तापर्यंत पाच डाव झाले, सगळे पाच नंबरवर: 14, 27, 6, 61, 22. सरासरी 26. गेल्या वर्षीच्या मानाने दहाने खाली. मधला आकडा मात्र 8 वरून 22 वर आला. त्याचे वडील मला बंदरावर भेटले आणि म्हणाले, "पोराची सरासरी पाडलीत तुम्ही." मी त्यांना स्कोअरबुकाचं ते पान दाखवलं. त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ताई म्हणतात तसे पाच डाव म्हणजे काहीच नाही, आणि पाच नंबरला बॉल जुना झालेला असतो, त्याचाही हात असणार. खरं काय ते त्याला नव्या बॉलवर पाठवल्याशिवाय कळणार नाही.

दांडीवरचे दादा, जागा बदलण्याआधी मी त्याला स्वतःचे दहा आकडे लिहायला लावले होते. त्याने लिहिले, बघितले आणि विचारलं, "सर, माझे वीस-तीस का नाहीत?" त्यानंतर पाच नंबरबद्दल तो काही बोलला नाही. मनात काय आहे, ते माहीत नाही.

---

दांडीवरचो

ह्या बरा केलास. माझ्या झिलाक कोणी विचारूकच नाय. आज रात्री आमी दोघव बसान लिवतंव त्याचे आकडे.

---

जुना स्कोअरर

आणि सड्यावरचा? त्याचं काय झालं ते राहिलंच.

---

नेटवाला मास्तर

काका, तीन नंबरला आहे. मी बाहेरून ओरडणं बंद केलंय. तो आत असला की मी पॅव्हेलियनच्या मागे, माडाखाली जाऊन बसतो, कारण समोर बसलो की तोंडातून निघतंच. पाच डावांत 29, 12, 38, 0 आणि गेल्या रविवारी 67. त्या 67 मध्ये तिशीनंतर पाच ओव्हर त्याने स्पिनरला एकेक रन काढत खेळून काढल्या आणि शेवटी त्यालाच स्वीप मारले. भोपळाही याच वर्षी आलाय, तेव्हा ताईंच्या भाषेत आता तो साध्या फलंदाजासारखा विस्कटायला लागलाय.

येत्या रविवारी सामना त्याच संघाशी, ज्यांनी 71 ला गुंडाळलं होतं. त्यांचा नवा बॉल टाकणारा पोरगा यंदा आणखी उंच झालाय. मॅट दवाने दमट लागते, म्हणून ती शनिवारी रात्री गुंडाळून शेडमध्ये ठेवणार आहोत. सड्यावरचा तीनला नक्की. बंदरावरच्याला चारला पाठवायचं की पाचला, ते रविवारी सकाळी ठरवेन.